घसरणीमागून चाललेल्या रेषा : फेब्रुवारी-मार्च २०२०

२० फेब्रुवारी २०२०, गुरुवार. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी, त्याला जोडून शनिवार-रविवार. म्हणजे शेअर बाजार सलग तीन दिवस बंद राहणार होता. त्या संध्याकाळी निफ्टी १२,०८०.८५ वर बंद झाला. पाच आठवड्यांपूर्वी, १४ जानेवारीला, त्याने १२,३६२ हा तोवरचा सर्वोच्च बंद भाव नोंदवला होता आणि तिथून तो फार लांब गेलेला नव्हता. चीनमधल्या साथीच्या बातम्या येत होत्या, पण दलाल स्ट्रीटवर त्यांची धग पोहोचली नव्हती. चार दिवसांनी बाजार उघडला आणि पुढच्या वीस सत्रांत निफ्टीने ३७ टक्के किंमत गमावली.

त्या वीस सत्रांबद्दल बरेच लिहून झाले आहे. इथे त्यांच्याकडे एका मर्यादित प्रश्नाच्या अंगाने पाहायचे आहे. त्या दिवसांत हजारो ट्रेडरांच्या मोबाइलवर आणि संगणकावर निफ्टीच्या चार्टवर दोन साधने लावलेली होती, बोलिंजर बँड आणि एमएसीडी, ज्याला बोलण्यात सगळे ‘मॅकडी’ म्हणतात. एक बाजाराची अस्थिरता मोजते, दुसरे त्याचा वेग. या साधनांनी त्या घसरणीत नेमके काय दाखवले आणि कधी दाखवले? रोजचे बंद भाव उपलब्ध आहेत आणि दोन्ही साधनांची सूत्रे उघड आहेत, त्यामुळे याचे उत्तर कुणाच्या आठवणीवर सोडावे लागत नाही. कागद-पेन्सिल घेऊन ते मांडता येते. पुढचे आकडे तसेच मांडलेले आहेत. बँडचे आणि मॅकडीचे आकडे पूर्णांकात घेतले आहेत.

आधी ही साधने आली कुठून ते पाहू. मॅकडी अमेरिकेतल्या जेराल्ड अॅपेल यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बसवले. बंद भावाच्या दोन सरासऱ्या काढायच्या, एक १२ दिवसांची आणि एक २६ दिवसांची, आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. ही वजाबाकी म्हणजे मॅकडीची रेषा. त्या रेषेची पुन्हा ९ दिवसांची सरासरी काढली की सिग्नल लाइन मिळते. रेषा सिग्नल लाइनच्या खाली उतरली की विक्रीचा इशारा, वर चढली की खरेदीचा. या सरासऱ्या साध्या नसतात. त्यांत ताज्या भावाला जास्त वजन असते आणि मागे जाऊ तसे ते कमी होत जाते. पुढे १९८६ मध्ये थॉमस अॅस्प्रे यांनी या दोन रेषांमधले अंतर उभ्या पट्ट्यांनी दाखवण्याची जोड दिली.

बोलिंजर बँड जॉन बोलिंजर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केले. सरासरीच्या वर-खाली ठरावीक टक्के अंतरावर रेषा काढायची पद्धत तेव्हाही होती, पण तिच्यात एक अडचण होती : शांत बाजारात त्या रेषा फार लांब राहत आणि खवळलेल्या बाजारात फार जवळ. ते अंतर हाताने सतत बदलावे लागे. बोलिंजर यांनी अंतर ठरवायचे काम बाजाराकडेच सोपवले. गेल्या २० दिवसांच्या बंद भावांची साधी सरासरी ही मधली रेषा. ते २० भाव त्या सरासरीपासून किती विखुरले आहेत, हे प्रमाण विचलनाने मोजायचे आणि त्याच्या दुप्पट अंतरावर वरची आणि खालची रेषा काढायची. बाजार शांत असेल तर पट्टा आकसतो, खवळला तर रुंदावतो. घरगुती संगणक नुकते आले होते, म्हणून हा हिशेब रोज करणे शक्य झाले. आज तो फोनवर बोट ठेवले की होतो आणि त्यात काय मिसळले आहे, याचा विचार करायची गरज कुणाला भासत नाही.

आता २० फेब्रुवारीकडे परत येऊ. त्या दिवशी निफ्टीची २० दिवसांची सरासरी १२,०४३ होती. खालचा बँड ११,७७५ वर आणि वरचा १२,३१० वर. पट्ट्याची रुंदी ५३५ अंश. म्हणजे भावाच्या साडेचार टक्क्यांहूनही कमी. ही रुंदीसुद्धा थोडी फुगलेली होती. १ फेब्रुवारीला, शनिवार असूनही अर्थसंकल्पासाठी बाजार उघडा ठेवला होता आणि त्या एका दिवसात निफ्टी ३०० अंशांनी कोसळून ११,६६२ वर आला होता. पुढच्या चार-पाच दिवसांत बाजाराने ती घसरण भरून काढली आणि सगळे ती विसरूनही गेले. पण २० दिवसांच्या हिशेबात तो शनिवार आणि त्यानंतरचा सोमवार अजून बसलेले होते. विचलनाच्या आकड्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग त्या दोनच दिवसांतून येत होता. आठवडाभर शांत चाललेल्या बाजारावरचा तो पट्टा खरे तर तीन आठवड्यांपूर्वीच्या खळबळीचा होता.

सोमवारी, २४ फेब्रुवारीला, इटलीत साथ पसरल्याच्या बातमीने जगभरचे बाजार पडले. निफ्टी २५१ अंश खाली, ११,८२९ वर बंद झाला. खालचा बँड त्या दिवशी ११,७४८ वर होता, म्हणजे भाव आतच. मंगळवारी भाव ११,७९८ आणि बँड ११,७१८, तरी आतच. बुधवारी भाव ११,६७८.५० आणि बँड ११,६६६. फक्त १२ अंशांनी आत. गुरुवारी भाव ११,६३३ आणि बँड ११,६१२, अजूनही आत. चार दिवस रोज घसरण झाली आणि चारही दिवस बँडने तिला ‘नेहमीच्या पल्ल्यातली’ ठरवले.

हे योगायोगाने झाले नाही. रोजचा पडलेला भाव संध्याकाळी त्या २० भावांत जाऊन बसत होता. तो सरासरीला थोडे खाली ओढत होता आणि विखुरणी वाढवत होता. दोन्हींचा परिणाम एकच, खालची रेषा आणखी खाली. २० तारखेला ११,७७५ वर असलेला खालचा बँड २७ तारखेपर्यंत १६३ अंश खाली सरकला होता. एखाद्याने २० तारखेचा आकडा वहीत लिहून ठेवला असता आणि रोजचा भाव त्याच्याशीच ताडून पाहिला असता, तर बुधवारीच कळले असते की बाजार जुना पल्ला सोडून गेला आहे. चार्टवरची रेषा मात्र भावाला वाट करून देत मागे हटत राहिली.

शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला, निफ्टी एका दिवसात ४३१ अंश पडून ११,२०१.७५ वर आला आणि पहिल्यांदा बँडच्या बाहेर, २३९ अंश खाली बंद झाला. तोवर २० तारखेच्या भावापासून ८७९ अंश, म्हणजे सव्वासात टक्के गेले होते. बँड मोडल्यावर विकायचे, असा नियम पाळणाऱ्याला नियमाने पहिला इशारा मिळाला तो या भावाला.

मॅकडीची गोष्ट वेगळी निघते आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मॅकडीने विक्रीचा इशारा २४ फेब्रुवारीलाच, पहिल्याच पडत्या दिवशी दिला. रेषा उणे २८ वर आली आणि सिग्नल लाइन उणे १८ वर होती. हे ऐकून कुणी म्हणेल की मग हे साधन मागे कुठे राहिले? त्यासाठी त्याआधीचा महिना पाहावा लागतो. शुक्रवारच्या सुट्टीआधी रेषा आणि सिग्नल लाइन यांच्यात जेमतेम सात अंशांचे अंतर होते, दोघी शून्याला लगटून चालल्या होत्या. अशा वेळी कुठलाही एक मोठा दिवस त्यांना ओलांडायला लावतो. याच साधनाने २१ जानेवारीला १२,१७० च्या आसपास विकायला सांगितले होते आणि मग १० फेब्रुवारीच्या सुमारास, अर्थसंकल्पाची घसरण भरून निघाल्यावर, पुन्हा खरेदी करायला. ११ तारखेला १२,१०८ ला घेतलेला माणूस २४ तारखेच्या इशाऱ्यावर ११,८२९ ला बाहेर पडला असता, २७९ अंश गमावून. म्हणजे इशारा लवकर आला तो रेषेला पुढचे दिसले म्हणून नव्हे. ती आधीच काठावर होती, म्हणून. आणि ती काठावर होती, म्हणूनच दोन आठवड्यांपूर्वी ती चुकली होती.

इथे मागे राहण्याचे मूळ कारण थांबून समजून घेऊ. खंडाळा तालुक्यातून जाणाऱ्या पुणे-सातारा महामार्गाचे उदाहरण घेता येईल. शिरवळ सोडल्यावर गाडी सपाट रस्त्याने ताशी ८० ने चालली आहे आणि डॅशबोर्डवर आत्ताच्या वेगाचा काटा नसून गेल्या वीस मिनिटांच्या सरासरी वेगाचा काटा आहे, असे समजा. खंबाटकी घाटाचा चढ लागला, पुढे ट्रकांची रांग, वेग ३० वर आला. पाच मिनिटांनी काटा काय दाखवेल? पंधरा मिनिटे ८० ची आणि पाच मिनिटे ३० ची, म्हणजे साडेसदुसष्ट. काटा बिघडलेला नाही. त्याला जे विचारले त्याचे उत्तर तो बरोबर देतो आहे; फक्त प्रश्न ‘आत्ता काय’ हा नव्हता.

आकड्यांत सांगायचे तर २० दिवसांच्या साध्या सरासरीत आजच्या भावाला फक्त पाच टक्के वाटा असतो आणि तिच्यातल्या भावांचे ‘सरासरी वय’ साडेनऊ सत्रे भरते. बाजार एका संथ गतीने एकाच दिशेला जात असेल, तर मधली रेषा नेमकी साडेनऊ सत्रांपूर्वीच्या भावावर असते. मॅकडीतल्या १२ दिवसांच्या सरासरीत आजच्या भावाला साधारण १५ टक्के वजन आहे आणि ती साडेपाच सत्रे मागे चालते. २६ दिवसांच्या सरासरीत आजचे वजन सात टक्क्यांच्या थोडे वर आणि ती साडेबारा सत्रे मागे. दोघींमधला फरक सात सत्रांचा. म्हणून बाजार रोज १०० अंश या ठरल्या गतीने पडत राहिला, तर मॅकडी उणे ७०० वर जाऊन स्थिर होतो आणि तिथेच बसतो. घसरण चालूच असते, पण रेषा आडवी होते. सिग्नल लाइन, जी आणखी चार सत्रे मागे असते, तिला येऊन मिळते आणि दोघींमधले अंतर दाखवणाऱ्या पट्ट्या शून्याकडे जातात. नवख्या ट्रेडरला वाटते, मंदीचा जोर ओसरला. ओसरलेला नसतो; फक्त वाढायचा थांबलेला असतो. मॅकडी वेग मोजतो, हे म्हणणे खरे आहे. पण तो मोजतो तो गेल्या काही आठवड्यांतला वेग.

मार्च उजाडला. २ तारखेला निफ्टी आणखी खाली, पुन्हा बँडच्या बाहेर. त्यानंतर ३, ४ आणि ५ मार्चला भाव ११,२५० ते ११,३०० च्या आसपास थबकला. तेवढ्या काळात बँड ११,०७४ पर्यंत खाली उतरला आणि निफ्टी फारसे काही न करता ‘बँडच्या आत परतला’. पुष्कळांच्या पुस्तकी नियमाप्रमाणे हा दिलासा होता : भाव बाहेर गेला, आत आला, म्हणजे अतिरेक संपला. ५ मार्चच्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले आणि खातेदारांना महिनाभरात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येणार नाही असे जाहीर झाले. शुक्रवारी निफ्टी १०,९८९ वर बंद झाला. बँड कुठे होता? १०,९५२ वर. अजून आत!

९ मार्चच्या सोमवारी सौदी अरेबिया आणि रशिया यांच्यातल्या तेलयुद्धाने कच्च्या तेलाचा भाव कोसळला; निफ्टी ५३८ अंश पडला. त्याच दिवशी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण आढळले. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली आणि १२ तारखेला निफ्टी ८६८ अंश खाली, ९,५९० वर गेला. १३ तारखेला बाजार उघडताच दहा टक्क्यांचे लोअर सर्किट लागले आणि व्यवहार ४५ मिनिटे थांबवावे लागले. पुन्हा सुरू झाल्यावर निफ्टी ८,५५५ च्या नीचांकापासून उसळून ९,९५५ वर बंद झाला. एका दिवसात १,४०० अंशांचा पल्ला. आणि तरीही बंद भाव बँडच्या आत होता, कारण बँड फक्त बंद भावांवर चालतो. सकाळची ती पडझड त्याच्या हिशेबात कधी शिरलीच नाही.

यानंतरच्या आठवड्यात भाव रोज खालच्या बँडला चिकटून किंवा त्याच्या थोडे खाली राहिला : १६, १७, १८, १९ मार्च. खालच्या बँडला टेकला म्हणजे स्वस्त झाला, असे मानून खरेदी करणाऱ्यांचे या चार दिवसांत मोठे नुकसान झाले. बोलिंजर यांनी स्वतः वारंवार सांगितले आहे की बँडला स्पर्श हा आपल्या परीने खरेदी-विक्रीचा इशारा नव्हे. जोरदार कल असेल तर भाव बँडवरून चालत जातो. पण साधन वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांनी त्यांचे पुस्तक वाचलेले नसते, चार्टवरची रेषा तेवढी पाहिलेली असते.

आणि मग २३ मार्चचा सोमवार. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू झाला होता, मुंबईच्या लोकल प्रवाशांसाठी बंद झाल्या होत्या, दलालांच्या कचेऱ्यांतली माणसे घरून काम करत होती. निफ्टी सुमारे ८०० अंश खाली उघडला, थोड्याच वेळात पुन्हा लोअर सर्किट, पुन्हा ४५ मिनिटे शांतता. दिवसअखेर १,१३५ अंशांची, जवळजवळ तेरा टक्क्यांची घसरण. बंद भाव ७,६१०.२५. सेन्सेक्स ३,९३५ अंशांनी कोसळला. त्या दिवशी राज्यभर संचारबंदी लागू झाली. पुढच्या दोन दिवसांत देशभर टाळेबंदी आली आणि शिरवळ-खंडाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यासारख्या ठिकाणी अत्यावश्यक नसलेले सगळे कारखाने थांबले.

निफ्टीच्या इतिहासातल्या त्या सर्वांत वाईट दिवसांपैकी एका दिवशी बोलिंजर बँड काय सांगत होता? खालचा बँड ७,६८६ वर होता. म्हणजे चार्टवर पाहिले तर भाव बँडच्या अवघे ७५ अंश खाली. शुक्रवारचा बँड ८,१०८ वर होता. त्याच्याशी ताडले तर सोमवारचा भाव ४९७ अंश खाली ठरतो. मधले ४२२ अंश एका दिवसात बँडनेच खाल्ले, कारण सोमवारचा भाव स्वतः त्या हिशेबात जाऊन बसला. ज्याला तपासायचे, तोच मोजपट्टीत सामील झाला. २० भावांच्या या हिशेबाला एक गणिती मर्यादाही आहे : बाकीचे १९ भाव एकसारखे असले आणि विसावा कितीही दूर गेला, तरी तो सरासरीपासून ४.३६ विचलनांपेक्षा लांब दिसूच शकत नाही. बाजाराची उडी कितीही मोठी असो, बँड तिला एका ठरावीक मापापलीकडे मोठी म्हणणार नाही.

त्याच दिवशी वरचा बँड १२,८९४ वर होता. निफ्टी तोवर कधी पोहोचला नव्हता इतका वर. भाव ७,६१०, आणि पट्टा सांगतो की ७,६८६ ते १२,८९४ हा सध्याचा पल्ला! रुंदी ५,२०८ अंश, वीस सत्रांपूर्वीच्या जवळजवळ दसपट. एवढा पट्टा चूक नसतो, पण निरुपयोगी असतो. त्यातून कळते ते एवढेच की गेल्या महिन्यात फार मोठी उलथापालथ झाली. ते वर्तमानपत्रातूनही कळत होते.

तळ लागल्यावर तरी ही साधने लवकर जागी झाली का? बंद भावाचा तळ २३ मार्चचाच ठरला. मॅकडीची रेषा दुसऱ्या दिवशी उणे १,००४ वर जाऊन वळली, पण सिग्नल लाइन अजून तिच्या वर होती. ती ओलांडायला ३१ मार्च उजाडला. निफ्टी तोवर ८,५९८ वर आला होता, तळापासून सहा सत्रांत तेरा टक्के वर. बोलिंजरची मधली रेषा तर उतरतच राहिली. २३ मार्चला ती १०,२९० वर होती आणि ८ एप्रिलला ८,७९४ वर. याच काळात बाजार १,१३९ अंश चढला होता. भाव चढतो आहे आणि त्याची सरासरी दीड हजार अंशांनी पडते आहे. मागे राहणे याहून स्वच्छ दाखवता येणार नाही. भावाने मधली रेषा ओलांडली ९ एप्रिलला, ९,११२ वर.

जास्त सावध माणूस मॅकडी शून्याच्या वर येईपर्यंत थांबतो, कारण तेव्हा छोटी सरासरी मोठीच्या वर जाते आणि कल बदलल्याची खात्री होते असे मानले जाते. ती वेळ ३० एप्रिलला आली, तीही जेमतेम. निफ्टी त्या दिवशी ९,८६० वर बंद झाला, तळापासून जवळजवळ तीस टक्के वर. खात्री मिळाली. मध्ये महाराष्ट्र दिन आणि शनिवार-रविवार गेले, आणि ४ मेला, पुढच्याच सत्रात, निफ्टी ५६६ अंश पडला.

यावर एक उपाय लगेच सुचतो : दिवस कमी करा. २० ऐवजी १० दिवसांचा बँड, १२-२६ ऐवजी ५-१३ चा मॅकडी. मागे राहणे खरोखर कमी होते. पण जी रेषा लवकर वळते, ती खोट्या वळणांवरही लवकर वळते. १० फेब्रुवारीसारखे चुकीचे इशारे वाढतात, प्रत्येक इशाऱ्यावर दलाली आणि कर जातो आणि घाईतली खरेदी-विक्री जास्त होते. सरासरी काढायची ती रोजचे किरकोळ चढउतार बाजूला काढण्यासाठी. आणि चढउतार किरकोळ होते की नव्या कलाची सुरुवात, हे ठरायला काही दिवस जावे लागतात. जेवढे गाळायचे, तेवढे थांबायचे. दोन्हींतून सुटका देणारे आकडे कुठल्याही सेटिंगमध्ये नाहीत. मागचे भाव समोर ठेवून ‘योग्य’ दिवस शोधणे सोपे असते. फेब्रुवारी २०२० ला बसणारे आकडे पुढच्या घसरणीला बसतीलच असे मुळीच नाही. शिवाय २३ मार्चसारखा बाजार ८०० अंश खालीच उघडतो, तेव्हा मधल्या भावाला विकायची संधी कुठल्याच रेषेला देता येत नाही.

मग ही साधने टाकून द्यायची का? नाही. पण त्यांना त्यांचे खरे काम द्यायला हवे. पट्टा आकसलेला असेल तर अलीकडे बाजार शांत होता एवढे नक्की कळते, आणि तेव्हा किती रक्कम पणाला लावायची, हे ठरवताना हे लक्षात ठेवता येते की त्या शांततेवरून मोजलेली जोखीम कमी दिसते. पट्टा रुंदावला तर तेवढ्याच रकमेत रोजचा फटका मोठा बसणार, म्हणून सौद्याचा आकार कमी करायचा. मॅकडीवरून चालू कलाचा जोर वाढतो आहे की स्थिर आहे, हे ताडता येते, मात्र बाजार बाजूबाजूने चालला असेल तर त्याच्या ओलांडण्यांकडे दुर्लक्षच बरे. बाहेर पडायचा भाव रेषेवर सोपवू नये. तो खरेदीच्या दिवशीच आकड्यात ठरवून लिहून ठेवावा, कारण लिहिलेला आकडा बाजाराबरोबर खाली सरकत नाही. आणि आजच्या भावाची मोठी हालचाल तपासायची असेल तर ती कालच्या बँडशी ताडावी, आजच्या नव्हे.

दोन्ही साधने बंद भावातून तयार होतात. त्या भावांत जे नाही, ते त्यांच्यात येऊ शकत नाही : इटलीची बातमी नाही, येस बँक नाही, तेलयुद्ध नाही, टाळेबंदी नाही. बातमी आधी भावात उतरते आणि भाव मग सरासरीत. हा क्रम उलटा होत नाही. २० फेब्रुवारीच्या संध्याकाळी बोलिंजर बँड आणि मॅकडी या दोघांनीही बाजार शांत असल्याचे सांगितले आणि तोवरच्या भावांपुरते ते बरोबरच होते.